ॲपचा आठवडा आणि पोटातला आठवडा: एका गरोदरपणाचा प्रकरण अभ्यास

मी नाशिकमधल्या एका खासगी प्रसूतिगृहात परिचारिका आहे. गरोदर बायकांची नोंदणी करणं, त्यांच्या फाइली ठेवणं आणि शंकांना उत्तरं देणं हे माझं काम. हे प्रकरण ज्या मुलीचं आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. इथे तिला मृणाल म्हणू. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तारखा मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळा गुंता तारखांचाच होता.

## पार्श्वभूमी

मृणाल 28 वर्षांची, पहिलटकरीण, बँकेत नोकरीला. तिची पाळी पहिल्यापासून उशिराने येणारी, साधारण 36-37 दिवसांनी. तिला कधी त्रास नव्हता म्हणून तिने ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. शेवटची पाळी 9 जानेवारी 2023 ला आली होती.

लग्नानंतर लगेच तिने मोबाइलवर गरोदरपणाचं एक ॲप घेतलं होतं. दर आठवड्याला बाळ केवढं झालं, आईला काय वाटेल, काय खावं, काय टाळावं हे सांगणारं. सुरुवातीला ॲपने दोन गोष्टी विचारल्या, शेवटच्या पाळीची तारीख आणि दोन पाळ्यांमधलं अंतर. दुसऱ्या रकान्यात 28 हा आकडा आधीच भरलेला होता. तिने तो तसाच राहू दिला. नंतर तिने मला तो रकाना उघडून दाखवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढच्या नऊ महिन्यांची गडबड त्या एका आकड्यात होती.

प्रसूतीची तारीख काढायची जुनी रीत अशी आहे की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजायचे. त्यात गृहीत धरलेलं असतं की पाळी 28 दिवसांची आहे आणि बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटलं. पाळी 37 दिवसांची असेल तर बीज तेविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. म्हणजे गर्भ हिशेबापेक्षा नऊ दिवसांनी लहान असतो. ॲपने मृणालला तारीख दिली 16 ऑक्टोबर. खरी तारीख 25 ऑक्टोबरच्या जवळपास होती.

नऊ दिवस म्हणजे फार काही नाही असं कुणालाही वाटेल. मलाही बाकीच्या बऱ्याच बायकांच्या बाबतीत वाटतं. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि शेवटी नऊ दिवस खूप असतात.

## पहिली अडचण: ठोके दिसत नाहीत

ॲपच्या हिशेबाने पाळी 6 फेब्रुवारीला यायला हवी होती. ती आली नाही म्हणून मृणालने दोन दिवसांनी घरीच लघवीची तपासणी केली. एकच रेघ आली. तिचा हिरमोड झाला. पुन्हा 19 तारखेला केली तर दोन रेघा आल्या. या उशिराचं तिला नवल वाटलं, पण आनंदात ते विसरून गेलं.

25 फेब्रुवारीला ती आमच्याकडे आली. ॲपप्रमाणे 6 आठवडे 5 दिवस झाले होते आणि ॲपवर लिहिलं होतं की या आठवड्यात बाळाच्या हृदयाचे ठोके सोनोग्राफीत दिसतात. सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसली, तिच्या आत लहानसं गोल वलय दिसलं, गर्भ दिसला नाही. ठोके नव्हते.

सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती बाकावर बसून मोबाइलच बघत होती. मी जवळ गेले तर तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली. ‘सिस्टर, इथे ठोके दिसायला पाहिजेत असं लिहिलंय. माझं बाळ गेलं का?’ शेजारी नवरा उभा होता, त्याने तेवढ्यात दोन ओळखीच्यांना फोनही केले होते.

अशा वेळी समोर दोन वाटा असतात. गर्भ वाढत नाही असं धरून पिशवी साफ करायचा विचार करणं ही एक. थांबून पुन्हा बघणं ही दुसरी. आमच्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारला, पाळी किती दिवसांनी येते? उत्तर ऐकल्यावर त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. खरं वय 5 आठवडे 3 दिवस असेल, तर या वयात पिशवी आणि वलय दिसणं हेच अपेक्षित आहे. ठोके साधारण सहा आठवडे पूर्ण झाल्यावर दिसू लागतात. पोटात दुखत नव्हतं, रक्त जात नव्हतं. दोन आठवडे थांबायचं ठरलं.

ते दोन आठवडे तिने कसे काढले ते तीच जाणे. 11 मार्चला पुन्हा सोनोग्राफी झाली. गर्भ 12 मिलिमीटरचा, ठोके उत्तम. डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या या लांबीवरून वय निघालं 7 आठवडे 3 दिवस. ॲप त्या दिवशी 8 आठवडे 5 दिवस दाखवत होतं. बरोबर नऊ दिवसांचा फरक.

पहिल्या तीन महिन्यांतली ही लांबी वय ठरवायला सगळ्यात भरवशाची असते, कारण त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. पाळीवरून काढलेलं वय नऊ आठवड्यांच्या आत असेल आणि सोनोग्राफीचा फरक पाच दिवसांहून जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. एकदा ती ठरली की पुढच्या सोनोग्राफीवरून बदलत नाहीत. नंतर बाळ लहान दिसलं तर त्याचा अर्थ वय चुकलं असा घ्यायचा नसतो, बाळाची वाढ कमी होते आहे का हे बघायचं असतं. डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहिलं: 25 ऑक्टोबर.

माझी चूक इथे झाली. मी तिला नवी तारीख सांगितली, पण ॲपमध्ये ती घालायला सांगितली नाही. बहुतेक ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ड्यू डेट’ थेट बदलता येते, दोन मिनिटांचं काम. मला वाटलं ती स्वतः करेल. तिला वाटलं दोन्ही चालतात, एक डॉक्टरांची तारीख आणि एक ॲपची.

## मधले महिने

मधल्या काळात ॲपमुळे काही बिघडलं नाही, थोडे गैरसमज मात्र झाले. पहिल्याच नोंदणीला आम्ही 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतो. ॲपने सांगितलं होतं की साखरेची तपासणी चोविसाव्या आठवड्यानंतर असते, म्हणून तिला वाटलं आपल्यात काहीतरी दोष दिसला असावा. ते ॲप अमेरिकेतलं होतं, तिथली पद्धत वेगळी. भारतात पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत अशी दोनदा तपासणी करायची सरकारची सूचना आहे, कारण आपल्याकडे गरोदरपणातला मधुमेह जास्त आणि तो लवकरही दिसतो. तिची साखर 118 आली, म्हणजे 140 च्या आत. विषय मिटला.

आणखी एक किस्सा सांगते, कारण अशा आकड्यांनी बऱ्याच बायका घाबरतात. ॲपवर एकोणिसाव्या आठवड्यात बाळ 15 सेंटिमीटर होतं आणि विसाव्यात एकदम 25. ‘एका आठवड्यात दहा सेंटिमीटर? माझं एवढं पोट कुठे वाढलंय?’ असं ती विचारत आली. बाळ तेवढं वाढलेलं नसतं, मोजायची रीत बदललेली असते. पाय पोटाशी दुमडलेले असतात तोवर डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतात आणि विसाव्या आठवड्यापासून ॲप डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी देऊ लागतात. हे कुठेतरी एका ओळीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

एका गोष्टीत ॲपने तिला खरोखर मदत केली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही ही आठवण तिथे रोज वाजायची, आणि तिचं हिमोग्लोबिन शेवटपर्यंत 11 च्या वर राहिलं.

## मुख्य अडचण: हिरवी खूण

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून मृणाल ॲपमधल्या लाथा मोजायच्या यंत्रावर नोंद ठेवू लागली. रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, बाळ हललं की बटण दाबायचं, दहा झाल्या की घड्याळ थांबतं. तिचं बाळ चपळ होतं. दहा हालचाली पंधरा ते पंचवीस मिनिटांत व्हायच्या. पुढे मी या नोंदी तिच्या मोबाइलवर पाहिल्या. ऑगस्टभर तोच पट्टा, कधी सतरा मिनिटं, कधी बावीस.

17 सप्टेंबरला चाळीस मिनिटं लागली. 18 ला एक तास दहा मिनिटं. 19 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. घरात गणपती, सकाळपासून पाहुण्यांची ये-जा. रात्री साडेदहाला ती पडली आणि दहा हालचाली व्हायला एक तास पन्नास मिनिटं लागली. ॲपने हिरवी खूण दाखवली आणि खाली लिहिलं की दोन तासांत दहा हालचाली झाल्या, सगळं ठीक.

दोन तासांत दहा ही मर्यादा ॲपने मनाने काढलेली नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ती सांगितलेली आहे. पण ती सगळ्या बाळांसाठीची खालची पायरी आहे. एखादं बाळ रोज वीस मिनिटांत दहा वेळा हलत असेल आणि त्याला आता जवळपास दोन तास लागत असतील, तर ते अजून मर्यादेच्या आत असतं, पण स्वतःच्या सवयीपेक्षा फार खाली गेलेलं असतं. ॲपकडे सात-आठ आठवड्यांच्या नोंदी होत्या. त्याने आजची नोंद कालच्या नोंदीशी ताडूनच पाहिली नाही.

तिला शंका आली होती. तिने आठवड्याची माहिती उघडली. ॲपप्रमाणे छत्तिसावा आठवडा पूर्ण होऊन एक दिवस झाला होता आणि तिथे लिहिलं होतं की आता जागा कमी पडते, त्यामुळे लाथा कमी जाणवू शकतात. मुक्कामाला आलेल्या मावशींनीही तेच सांगितलं, ‘अगं, नववा लागला की बाळ शांत होतं, डोकं खाली सरकतं.’ दोन ठिकाणांहून एकच गोष्ट ऐकली की माणूस खात्री धरतो.

ती गोष्ट मात्र चुकीची आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलतो, मोठ्या लाथांऐवजी ढुशा, सरकणं, लोळणं जाणवतं. हालचाली कमी होत नाहीत, प्रसूतीच्या कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही बाळ हलतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आपल्या पत्रकात हे स्पष्ट सांगते आणि पुढे म्हणते की हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि खरं तर त्या रात्री मृणालचा छत्तिसावा नव्हताच, 34 आठवडे 6 दिवस होते.

## त्या रात्रीचे पर्याय

फाइलच्या मागच्या पानावर आमच्या लेबर रूमचा चोवीस तासांचा नंबर छापलेला आहे. तिने तो काढून हातात घेतला होता, हे तिने मला नंतर सांगितलं. फोन केला नाही. सणाचा दिवस, रात्रीचे साडेबारा, ॲपवर हिरवी खूण, मावशींचा दिलासा, आणि आपण उगाच बाऊ करतोय असं वाटून घ्यायची बायकांची सवय. तिने गार दूध घेतलं, थोडं गोड खाल्लं आणि झोपली. गार किंवा गोड घेऊन बाळाला ‘जागं’ करायचा सल्ला ॲपवरही असतो आणि घरोघरीही. त्याने एखादी हालचाल जाणवते, मनाला बरं वाटतं आणि दवाखान्यात जायचे मोलाचे तास जातात.

सकाळी सासूबाईंनी चहा देताना सहज विचारलं, ‘काल रात्री फिरलं का नीट?’ तिने सगळं सांगितलं. सासूबाईंनी ॲप पाहिलं नाही, मावशींचं ऐकलं नाही. म्हणाल्या, ‘आधी दवाखाना, आरती संध्याकाळी करू.’ साडेनऊला दोघी आमच्याकडे होत्या.

## काय केलं

आधी बाळाच्या ठोक्यांचा आलेख, म्हणजे एनएसटी. वीस मिनिटांत आलेख चांगला आला. इथेच थांबून घरी पाठवता आलं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसं होतंही. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या नोंदी पाहिल्या आणि सोनोग्राफी सांगितली, कारण एनएसटी फक्त त्या घडीला बाळ ठीक आहे एवढंच सांगते. बाळाला पोसणारी वार कशी काम करते आहे हे त्यातून कळत नाही.

सोनोग्राफीत अंदाजे वजन 1,850 ग्रॅम निघालं, 35 आठवड्यांच्या मानाने कमी. गर्भजल थोडं कमी. डॉप्लरमध्ये नाळेतला रक्तप्रवाह अडखळत होता, पण दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह चालू होता. तो थांबला असता तर निर्णय वेगळा झाला असता. रक्तदाब 128/82, लघवीत प्रथिनं नाहीत. निदान झालं, वारेतून रक्त कमी पोचत असल्याने बाळाची वाढ मागे पडते आहे.

आता प्रसूती कधी करायची हा खरा प्रश्न. पोटात ठेवलं तर वारेचा धोका, लवकर काढलं तर अपुऱ्या दिवसांचा धोका. अशा स्थितीत, प्रवाह चालू असेपर्यंत, 37 आठवडे पूर्ण व्हायची वाट बघावी असा संकेत आहे. तिचा नवरा मोबाइल पुढे करून म्हणाला, ‘पण सदतीस तर पाच दिवसांत होतायत, सोमवारी.’ ॲपप्रमाणे खरंच 25 सप्टेंबरला 37 पूर्ण होत होते. मार्चमधल्या सोनोग्राफीप्रमाणे त्या दिवशी फक्त 35 आठवडे 5 दिवस झाले असते.

मार्चमध्ये लाल शाईने लिहिलेली तारीख तेव्हा कामी आली. ती सोनोग्राफी झाली नसती, तर आमच्याकडेही पाळीची तारीखच असती आणि बाळ नऊ दिवस आधी बाहेर काढलं गेलं असतं. शिवाय 36 आठवडे 2 दिवसांच्या मापाने तेच 1,850 ग्रॅम वजन आणखी कमी वाटलं असतं आणि घाई अजूनच वाढली असती.

तिला दाखल करून घेतलं. रोज एनएसटी, दोन-तीन दिवसांआड डॉप्लर. मी तिच्यासोबत बसून ॲपमध्ये 25 ऑक्टोबर ही तारीख घातली. आठवड्याचं पान मागे गेलं, तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, ‘मी इतके महिने दुसऱ्याच कुणाच्या बाळाबद्दल वाचत होते.’

## निष्पत्ती

4 ऑक्टोबरला 37 आठवडे पूर्ण झाले. कळा आणण्यासाठी जेल ठेवलं. दुपारनंतर प्रत्येक कळेला बाळाचे ठोके खाली जाऊ लागले आणि सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, 2,140 ग्रॅमची. लगेच रडली. वजन कमी असलेल्या बाळांची रक्तातली साखर उतरते म्हणून दोन दिवस दर काही तासांनी तपासली, ती ठीक राहिली. सहाव्या दिवशी दोघी घरी गेल्या.

त्या रात्री फोन केला असता तर निष्पत्ती वेगळी झाली असती असं मी म्हणू शकत नाही. बाळ त्या नऊ-दहा तासांत सुखरूप राहिलं. वार अधिक बिघडलेली असती तर राहिलं नसतं, आणि घरी झोपलेल्या कुणालाच ते कळलं नसतं.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट आमच्या बाजूची. सोनोग्राफीची तारीख ठरली त्याच दिवशी ती ॲपमध्ये घालून द्यायला हवी होती. तारीख चुकीची असेल तर त्या ॲपमधली अगदी बरोबर माहितीही चुकीच्या दिवशी समोर येते.

दुसरी गोष्ट हालचालींची. मी आता बायकांना दहाचा आकडा सांगते, पण आधी विचारते की तुमच्या बाळाची रोजची रीत काय. ती मोडली की फोन, मग ॲप काहीही म्हणो. मात्र मोजणीकडून फार अपेक्षाही ठेवू नये. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून जास्त गरोदरपणांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हालचालींबद्दल जागरूकता वाढवून आणि दवाखान्यांना ठरावीक पद्धत घालून दिल्यावरही मृतजन्म ठळकपणे कमी झाले नाहीत, सिझेरियन मात्र वाढली. मोजणीने आई दवाखान्याच्या दारापर्यंत येते. पुढे एनएसटीवर थांबायचं की वार बघायची, हे दारातल्या माणसावर असतं.

तिसरी गोष्ट सल्ला पारखण्याची. ॲपमधलं वाक्य वाचताना मी एकच गोष्ट आधी बघते, ‘हे सामान्य आहे’ याच्यापुढे ‘पण असं झालं तर दवाखान्यात जा’ असं लिहिलंय का. पायावर सूज सामान्य, हे वाक्य अर्धं आहे. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते तर लगेच रक्तदाब तपासा, हे त्याचं उरलेलं अर्धं. लाथा कमी जाणवू शकतात, या वाक्याला तर उरलेलं अर्धं नव्हतंच. असं वाक्य कुणी लिहिलं, कुणी तपासलं, कोणत्या देशासाठी लिहिलं हे पानाच्या तळाशी शोधावं. तिथे डॉक्टरांचं नाव आणि तपासल्याची तारीख नसेल, आणि त्याच पानावर प्रोटीन पावडरची किंवा गर्भसंस्कार वर्गाची जाहिरात असेल, तर त्या पानावर निर्णय सोडू नये.

आता आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन ओळी छापल्या आहेत. एकीत सोनोग्राफीची तारीख हाताने भरायची. दुसरीत लिहिलंय, ‘ही तारीख मोबाइलमध्ये घातली’, आणि पुढे रिकामी चौकट. ती चौकट मी स्वतः, मोबाइल बघून भरते.